फोटो टाकला म्हणून तो फुकटचा होत नाही

"नेटवर टाकलेला फोटो सगळ्यांचा असतो. कॉपीराइट रजिस्टर नसेल तर काहीच करता येत नाही. आणि डिझाइन तीस टक्के बदललं की ती कॉपी धरत नाहीत."

हाताने वस्तू करून विकणाऱ्यांमध्ये असा एक मेसेज फिरतो. त्यातल्या पहिल्या दोन वाक्यांना उत्तर एकच आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती मानली जाते, मग तो सुंदर असो वा साधा. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. ती केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण तिच्यावाचून हक्क अडत नाही.

अडतं ते फोटो नक्की कोणाचा, इथे. तुम्ही स्वतः काढला तर तुमचा. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तरी तुमचाच. पण मैत्रिणीने फुकटात काढून दिला असेल तर कायद्याने तो तिचा असतो. तिच्याकडून सहीनिशी लिहून घ्या आणि त्यात मुदत घाला. मुदत लिहिली नाही, तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं.

समजा, तुम्ही मातीचे झुमके करता आणि तुमचाच फोटो लावून एका ऑनलाइन बाजारात कोणी दुसराच झुमके विकतो आहे. त्याला लगेच मेसेज करू नका, तो फोटो काढून टाकेल आणि पुरावा जाईल. आधी पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि विक्रेत्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. जमलं तर एक नग मागवून बिल आणि खोकं जपा. फोनमधली मूळ फाइल शोधा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत चालणार नाही, कारण तिच्यातली तारीख-वेळेची माहिती गळलेली असते. त्याच बैठकीतले कुठेही न टाकलेले फोटो असतील तर फारच चांगलं, कारण ते नकल करणाऱ्याकडे असूच शकत नाहीत.

मग त्या बाजाराकडे लेखी तक्रार करा. मोठ्या साइटवर त्यासाठी फॉर्म असतो. 2013च्या कॉपीराइट नियमांतल्या 75व्या नियमाप्रमाणे तक्रारीत फोटोचं वर्णन, तो तुमचा असल्याचा आधार, नकलेची लिंक आणि 'मी कोर्टात दावा दाखल करून 21 दिवसांत आदेश आणून देईन' अशी हमी लागते. तक्रार पटली तर साइटने 36 तासांत ते पान बंद करायचं असतं. 21 दिवसांत आदेश आला नाही तर साइट ते पुन्हा सुरू करू शकते. दावा तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मात्र हक्क नसताना कोणाला कायदेशीर कारवाईच्या धमक्या दिल्यात तर तोही तुमच्यावर दावा करू शकतो.

आता तीस टक्क्यांचं. असा आकडा कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. कोर्ट पाहतं ते एकंदर छाप: दोन्ही वस्तू पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीचीच नकल वाटते का. मात्र पैठणीतला मोर किंवा नथीचा नेहमीचा आकार यांच्यावर कोणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही. हक्क असतो तो तुम्ही नव्याने रचलेल्या भागावर.

त्या मेसेजमध्ये खरी धोक्याची गोष्ट आलेलीच नाही. नकल करणाऱ्याने झुमका बनवून स्वतःच फोटो काढला, तर तुमच्या फोटोवरचा हक्क कामाचा नाही. तिथे लागते 2000च्या डिझाइन कायद्याखालची नोंदणी, आणि ती मिळते फक्त आधी कुठेही जाहीर न झालेल्या डिझाइनला. तुम्हीच इन्स्टाग्रामवर फोटो टाकलात तरी डिझाइन जाहीर झालं! म्हणून क्रम असा: आधी अर्ज, मग पोस्ट. वैयक्तिक अर्जदाराला अर्जाची फी एक हजार रुपये आहे. संरक्षण दहा वर्षं मिळतं आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतं. नकल झाली तर एका डिझाइनमागे ठरावीक रक्कम मागता येते, तिची मर्यादा पन्नास हजार रुपये. त्याऐवजी नुकसानभरपाईचा दावाही लावता येतो.

'माझ्या चित्रावर कॉपीराइट आहेच, मग डिझाइन कशाला?' असं विचाराल, तर कॉपीराइट कायद्याचं 15वं कलम पाहा. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने त्याच्या पन्नासहून जास्त वस्तू तुम्ही काढल्या, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पूर्ण हाताने घडवलेल्या वस्तूंबाबत वाद घालायला जागा आहे. साच्यातून काढत असाल तर त्या भरवशावर राहू नका. प्रत्येक नमुना नोंदवायची गरज नाही. जो खरंच नवा आहे आणि साच्यातून शेकड्याने काढणार आहात, त्याचा अर्ज पहिल्या पोस्टच्या आधी करा.