पहिल्या दिवशी एकच गणित

"चौथीतल्या मुलीची शिकवणी मिळाली आहे. पहिल्याच दिवशी शिकवायला लागू का? आणि आई समोर बसून राहिली तर?" (पुण्याहून)

पाऊण तास धरून चला. दारात आधी मुलीशी बोला, आई-बाबांशी नंतर. तिच्या उंचीला येऊन विचारा, "घरी तुला काय म्हणतात? मी काय म्हणू?" "गणितात फार कच्ची आहे हो," असं आई तुम्ही चपला काढत असतानाच सांगेल. "ते शेवटी बोलू, ती इथे असतानाच," एवढंच म्हणा. दारातला तो शिक्का मुलगी ऐकत असते.

माझ्या ओळखीच्या एक शिकवणीताई म्हणतात, पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नये. अर्धं बरोबर आहे. दहा मिनिटं तिची चित्रं, तिचं दप्तर बघावं. पण नुसत्या गप्पांवर उठलात तर खरी शिकवणी कशी असेल, ही धास्ती मुलीच्या मनात आठवडाभर राहते. म्हणून एकच गणित द्या: ४०२ – १७८. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर त्याच्या डावीकडे बसा, म्हणजे लिहिणारा हात आकडे झाकत नाही.

उत्तर ३७६ आलं तर खोडू नका. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा झालंय: ८ मधून २, ७ मधून ०. "कसं केलंस, बोलून दाखव," म्हणा आणि मग ४२ – १८ द्या. २४ आले तर अडचण मधल्या शून्याची आहे. ३६ आले तर हातचाच कळलेला नाही. मग दहाच्या चार नोटा आणि दोन सुटे रुपये मांडा, अठरा रुपये मागा. नोट मोडल्याशिवाय देता येत नाहीत, हे तिचं तिला दिसू दे.

आता आईचं. इथे इंग्लंडमध्ये पालक शिकवणाऱ्याकडे पोलिसांच्या नोंदी तपासलेला डीबीएस दाखला मागतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडे वाद क्लासेसचा चालतो. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही पन्नासांहून जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासेसपुरत्या आहेत; घरी येणारा माणूस त्यात बसत नाही. म्हणून दार उघडं आणि घरात मोठं माणूस, हे तुम्हीच आधी सांगून टाका. उलट इथे इंग्लंडमध्ये तासाचे पैसे मोजणारे पालक पहिल्या भेटीची परीक्षा करून टाकतात. आपल्याकडचा पाण्याचा तांब्या, पाच मिनिटांची विचारपूस मला जास्त मोलाची वाटते.

आई समोर बसली की बहुतेक तीच उत्तर देते. तिला शेजारच्या खोलीत, आवाज ऐकू येईल अशी बसवा. शेवटची दहा मिनिटं तिघांची: मुलगी नोटा मांडून दाखवेल, आई बघेल.

नाशिकच्या एका काकू विचारतात, "आमचा दहावीत आहे, एवढा वेळ कुठला?" तिथे दप्तराऐवजी सहामाहीची उत्तरपत्रिका मागा. आईने किती आठवडे ऐकत बसावं, यावर मात्र माझं अजून ठरत नाही. काही मुलं आई आत गेल्यावर मोकळी होतात, काही तिथेच थिजतात.