सोलापूर दुसऱ्याला जाईल या भीतीने ते वर लिहू नका

"नीटच्या पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे!! १) मागच्या वर्षीच्या कटऑफमध्ये बसतं तेच कॉलेज एक नंबरला टाका. मोठी कॉलेजं वर टाकली तर तुमचं सेफ कॉलेज ते एक नंबरला टाकणाऱ्या मुलाला जातं. २) दुसऱ्या राउंडला सगळी यादी जशीच्या तशी परत भरा, मिळालेली सीट कुठे जात नाही. ३) दहा-पंधरापेक्षा जास्त चॉईस भरल्या तर सिस्टीम गोंधळते. ४) लॉक करायला विसरलात तर फॉर्म बाद. सर्व ग्रुपवर पाठवा."

पाठवला लोकांनी हा मेसेज, सर्व ग्रुपवर. माझ्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिने भाचीची विचार करून लावलेली मेडिकल कॉलेजांची यादी उलटीपालटी करायला घेतली. म्हणून हे लिहितोय.

आधी पहिला मुद्दा, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होतं. संगणक आधी पहिल्या क्रमांकाच्या मुलाची यादी उघडतो आणि वरून खाली येत, रिकामी असलेली पहिली जागा त्याला देतो. मग दुसऱ्याची यादी, मग तिसऱ्याची. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या मागच्या मुलाची यादी उघडलेलीही नसते. त्याने त्यात काय एक नंबरला लिहिलंय, याचा तुमच्या जागेशी संबंध येणार कुठून?

राज्य कोट्यातलं उदाहरण घ्या. समजा मुलीचा राज्य क्रमांक २००० आहे आणि तिची यादी अशी: पुण्याचं बी. जे., मग मिरज, मग सोलापूर, मग अंबाजोगाई. तिच्यामागे २००१ वर एक मुलगा आहे, प्रवर्ग तोच. त्याने मेसेज वाचून सोलापूर एक नंबरला टाकलंय. तिची पाळी आली. बी. जे. भरलेलं, मिरज भरलेलं, सोलापूरला तिच्या प्रवर्गाची एक जागा शिल्लक. ती तिलाच मिळाली. तिसऱ्या नंबरला लिहिलं असलं तरी तिलाच, कारण ती आधी उभी आहे. मुलाच्या 'एक नंबर'ला तिथे कुणी विचारत नाही.

आता तिनेही मेसेज ऐकला असता तर? सोलापूर वर, मिरज खाली. आणि समजा यंदा मिरजेला एक जागा तिच्या पाळीपर्यंत टिकली, मागच्या वर्षी टिकली नव्हती तरी. संगणक तिच्या यादीत वरून येणार, सोलापूर रिकामं दिसलं की तिथेच थांबणार. मिरज तिच्या मागच्या कुणाला तरी जाणार. हुशारी करून तिने स्वतःच्या हाताने हव्या असलेल्या कॉलेजवर पाणी सोडलं. वर लिहिलेलं मोठं कॉलेज मिळालं नाही तर संगणक फक्त पुढच्या ओळीवर जातो. दंड नाही, वेळ जात नाही, नंबर मागे पडत नाही.

या भीतीला थोडं मूळ आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. इंजिनीअरिंगच्या कॅपमध्येही पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीज होते. त्या अनुभवातून पालकांच्या डोक्यात एक नंबरची धास्ती बसलेली असते. पण तिथेही त्याचा अर्थ एवढाच, की नको असलेलं वर लिहू नका. हवं असलेलं खाली ढकला, असा तो कुठेच होत नाही.

आणि मागच्या वर्षीचा कटऑफ म्हणजे नक्की कसला? गुणांचा असेल तर तो सरळ टोपलीत टाका. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती, २०२५ चा पेपर इतका कठीण गेला की देशात पहिला आलेल्या मुलाचे गुण ६८६ होते. या दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काय कळणार? क्रमांकाचा कटऑफ बघा, तोही अंदाज म्हणूनच. जागा वाढल्या की तोही सरकतो. २०२४ मध्ये राज्यात वाशिम, हिंगोली, जालना, बुलढाणा अशी दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यांना 'मागचं वर्ष' नव्हतंच. कटऑफचा उपयोग यादी तळाला कुठपर्यंत न्यायची हे ठरवायला होतो. वरचा क्रम आवडीचाच.

दुसरा मुद्दा मात्र थेट जागा घालवणारा आहे. अखिल भारतीय १५ टक्के कोट्याचं वाटप करणाऱ्या एमसीसीचा नियम स्पष्ट आहे: पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते आणि तिच्यावर हक्क राहत नाही. नवं काहीच मिळालं नाही तरच जुनी टिकते. मेसेजवाल्याला यातलं अर्धंच माहीत आहे.

समजा पहिल्या फेरीत मिरज मिळालं, प्रवेश घेतला, अपग्रेडला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी हवंसं कॉलेज मिळतंय का बघायला, 'हो' म्हटलं. दुसऱ्या फेरीसाठी यादी नव्याने भरायची असते. तिथे जुनीच साठ कॉलेजांची यादी चिकटवली, तर मिरजेच्या खालची चाळीसही त्यात आली. वरचं काही रिकामं नसेल आणि पार खाली लिहिलेलं आसामातलं सिल्चर रिकामं असेल, तर सिल्चर मिळेल आणि मिरज जाईल. म्हणून दुसऱ्या फेरीत फक्त तीच कॉलेजं लिहायची, जी हातातल्यापेक्षा खरोखर जास्त हवी आहेत. तीनच असतील तर तीन. एकही नसेल तर अपग्रेडला 'नाही' म्हणून मोकळं व्हा. राज्याच्या फेऱ्यांत हेच काम स्टेटस रिटेन्शन फॉर्म करतो. तो भरला की जागा पक्की आणि तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

पैशाचंही सांगतो. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून जाते. सरकारी जागांसाठी ती खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये, अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. तेव्हा जिथे जाणारच नाही ते नाव 'असू दे' म्हणून लिहू नका. अभिमतची वार्षिक फी आणि दुसऱ्या राज्यातला बॉण्ड हे नाव टाकण्याआधी बघायचं. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सेवा किंवा दहा लाख, प्रत्येक राज्याचं गणित वेगळं असतं.

तिसऱ्या मुद्द्यावर काय बोलायचं? एमसीसीकडे चॉईसच्या संख्येला मर्यादा नाही. पहिल्या फेरीत शंभर लिहा, संगणक गोंधळत नाही, गोंधळतात ते पालक.

आणि लॉक करायचं राहिलं तर एमसीसीच्या वेबसाइटवर मुदत संपताच सेव्ह केलेली यादी आपोआप लॉक होते, फॉर्म बाद होत नाही. फक्त ती ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत लॉक होते. मेसेज वाचून शेवटच्या रात्री नावं वरखाली करत बसलात आणि अर्धवट सेव्ह केलंत, तर तीच अर्धवट यादी तुमची. आदल्या दिवशी लॉक करा आणि प्रिंट काढून ठेवा.