“अगं पण लोक हसतात ना!”

आज सकाळपासून डोक्यात एकच वाक्य फिरतंय. एका मित्राने त्याच्या पाच मिनिटांच्या स्टँड-अप कॉमेडी सेटची स्क्रिप्ट पाठवली, म्हणाला बघ जरा, पुढच्या ओपन माइकला करायचाय. मी मनापासून वाचली, मार्जिनमध्ये नोट्स काढल्या, आणि एका जोकवर लिहिलं “हा काढ”. तर साहेबांचा रिप्लाय काय, “अगं पण लोक हसतात ना!” बास. विषय संपला त्याच्यासाठी.

जोक असा आहे. “माझ्या ऑफिसात एक जण आहे, खूप चांगला माणूस, आम्ही शेजारी शेजारी बसतो, तो जरा अडखळत बोलतो, तर एकदा काय झालं, आमच्याकडे आग लागली, आणि सगळ्यात आधी बघितली त्याने. आ... आ... आ... आ... तोपर्यंत बिल्डिंग खाक.”

आता माणुसकी वगैरे जरा वेळ बाजूला ठेवू, नुसतं कारागिरी म्हणून बघू. मी स्क्रिप्ट वाचताना पंच, म्हणजे ज्यावर हशा यायचा ती शेवटची ओळ, हाताने झाकते आणि सेटअप वाचून पंच ओळखता येतो का ते बघते. इथे “सगळ्यात आधी बघितली त्याने” ला प्रेक्षक पोचलेला असतो. पुढे काय होणार हे त्याला तुमच्याआधी कळलंय, म्हणजे धक्का नाहीच. मग तो हसतो कशाला? नकलेला. “आ... आ... आ...” करताना मित्र जे तोंड वाकडं करतो त्याला. ती नक्कल काढून तोच जोक सपाट आवाजात वाचून बघा, हातात काही उरत नाही. म्हणजे हा विनोद नाहीच, सेटअप लावलेली नक्कल आहे.

आणि सेटअप तरी केवढा! “खूप चांगला माणूस” कशासाठी आहे? “शेजारी शेजारी बसतो” कशासाठी? पंचला ज्याची गरज नाही तो प्रत्येक शब्द काढायचा असतो. बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे शब्द होतात, हशाला जागा सोडली की पाच मिनिटांत सहाशेच्या आसपासच बसतात, आणि याने हजार लिहिलेत, त्यातले निम्मे “तर काय झालं” आणि “म्हणजे बघा”. “खूप चांगला माणूस” मात्र मला माहितीये कशाला आहे. पुढे त्याची टर उडवणार आहे ना, त्याची आगाऊ दिलेली पावती आहे ती.

आता माझ्या मामेभावाचं सांगते, कारण “लोक हसतात ना” वाचल्यापासून तोच डोळ्यासमोर येतोय. तो अडखळतो. एकदा मीच त्याला एका शोला घेऊन गेले होते. स्टेजवरच्याने असलाच एक जोक मारला आणि आमच्या रांगेत सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने हसला तो माझा भाऊ. मी बघत होते. मग तो कॉमेडियन क्राउड वर्क करत आमच्याकडे वळला, “काय रे, नाव काय तुझं?” आणि भावाने झटकन दुसरंच नाव सांगितलं, जे तोंडातून पटकन निघतं ते. अडखळणाऱ्या अनेकांना स्वतःचं नावच सगळ्यात अवघड जातं, कारण ते बदलून दुसरा शब्द वापरता येत नाही. उरलेला सगळा शो तो कॉमेडियन त्याला त्याच खोट्या नावाने हाका मारत होता आणि हा हसत होता.

तर हो, लोक हसतात. कोण कशाला हसतंय हे स्टेजवरून दिसत नाही, लाइट डोळ्यावर असतो.

बरं, मान्य करते, अडखळण्यावर जोकच नको असं मी म्हणत नाहीये. ड्रू लिंच नावाचा अमेरिकन कॉमेडियन आहे, अपघातानंतर अडखळायला लागला, आणि २०१५ ला अमेरिकाज गॉट टॅलेंटमध्ये दुसरा आला, स्वतःच्या अडखळण्यावरच जोक करून. पण तिथे माइक त्याच्या हातात होता, माझ्या भावाच्या हातात नव्हता. एवढा साधा फरक आहे आणि तो समजावताना माझं डोकं फिरतं.

म्हणून स्क्रिप्ट तपासताना मी प्रत्येक पंचसमोर एकच गोष्ट लिहिते, “हशा कोणावर?” मित्राच्या बाकीच्या सेटमध्ये तिथे “मी”, “बॉस”, “परत मी” असं आलं. ओपनर तर मस्तच आहे, हात लावू नकोस म्हटलं. फक्त या जोकसमोर आलं “तो, आणि त्याने काहीच केलेलं नाही”.

जरा शांत झाल्यावर वाटलं, नुसतं “काढ” लिहून पळून जाणं काही खरं नाही. अडखळणाऱ्या माणसासमोर खरा गाढवपणा करतो कोण? आपण. त्याचं वाक्य आपणच पूर्ण करतो, आणि तेही चुकीचं. मग त्याला हे लिहून पाठवलं:

“माझ्या ऑफिसात एक जण अडखळत बोलतो. आम्ही सगळे त्याला खूप मदत करतो. परवा तो बॉसकडे गेला, म्हणाला, ‘सर, रा...’ बॉस म्हणाले, ‘राजीनामा?’ मी म्हटलं, ‘राहू दे रे, नको जाऊस.’ एचआरने फॉर्म काढला. केक आला. कार्डावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. आणि केक कापताना तो म्हणाला... राउटर बंद आहे.”

“रा” एकदाच म्हणायचं आणि थांबायचं, तोंड वाकडं करायचं नाही, पुढची सगळी धावपळ बाकीच्यांची. राउटर हा शब्द शेवटाकडेच हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण सवयीने लिहितो, “राउटर बंद आहे हे सांगायला तो बॉसकडे गेला होता”. म्हणजे गुपित पहिल्याच शब्दाला फुटलं आणि हशा सुरू होत असताना तुम्ही अजून वाक्य संपवताय, तुमच्याच हशावर पाय देताय. त्यापेक्षा “तो म्हणाला” आधी, मग छोटा श्वास, मग राउटर. त्यानंतर गप्प. हशा चढू द्यायचा, ओसरायला लागला की, पूर्ण विरायच्या आत, टॅग टाकायचा, म्हणजे त्याच जोकला जोडलेली अजून एक हशाची ओळ: “राजीनाम्याचा मेल मात्र कोणालाच गेला नाही. राउटर बंद होता ना.” नवखे इथेच घाबरतात. दोन सेकंदांची शांतता त्यांना दोन तासांची वाटते आणि ते पुढच्या जोकवर उडी मारतात.

हशा कोणावर? “आम्ही सगळे”. बसलं.

पाठवायच्या आधी भावाला फोनवर वाचून दाखवलं. परवानगी म्हणून नाही हां, अडखळणाऱ्या सगळ्यांच्या वतीने सही करायचा मक्ता काही त्याने घेतलेला नाही. तो हसला, या वेळी जरा उशिरा हसला, आणि म्हणाला, “मी असतो तर राजीनामा देऊन टाकला असता, परत कोण सांगत बसणार?”

हा माझ्या टॅगपेक्षा भारी टॅग आहे आणि मला राग आलाय त्याचा.

मित्राचा आत्ताच मेसेज आला. म्हणतोय, दोन्ही व्हर्जन वेगवेगळ्या माइकला करून रेकॉर्ड करतो, ज्याला जास्त हशा तो ठेवतो. मी कळवलंय, आगवाला करणार असशील तर मी येत नाही, आणि राउटरवाला करणार असशील तर शेवटची ओळ माझ्या भावाची आहे, त्याला विचारून वापर. नंबर हवा असेल तर देते. फोन उचलल्यावर त्याचं वाक्य मध्येच पूर्ण करू नकोस म्हणजे झालं.