सगळी रिटर्नं भरून झाल्याची बातमी कशी द्यावी

जीएसटीची ३बी कुणाची राहिलीय ते दर महिन्याच्या १८ तारखेला आपोआप शोधून क्लायंटला आठवण पाठवणारं सॉफ्टवेअर तुम्ही बनवत असाल, तर एक अवघड प्रसंग तुमच्यावरही कधीतरी येईल: कुणाचीच राहिलेली नसेल. अशा वेळी काय लिहावं, याबद्दल अनुभवातून आलेला हा फुकटचा सल्ला.

संदेश शक्यतो रात्री नऊनंतर पाठवावा.

शीर्षकात ‘रिमाइंडर’ हा शब्द हवाच. काही राहिलेलं नसताना आठवण कसली करून देताय, असं कुणी विचारत नाही. नुसतं शीर्षक बघूनच माणूस ताटावरून उठतो.

आता मजकूर. आमच्या ऑफिसला गेल्या महिन्यात आलेला हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे:

```
GSTR-3B REMINDER: 0 records found. No action taken.
```

बघा, चार शब्दांत किती वाटा खुल्या ठेवल्यात! शून्य नोंदी सापडल्या म्हणजे न भरलेली सापडली नाहीत, की क्लायंटची यादीच सापडली नाही? ‘काही कृती केली नाही’ म्हणजे गरज नव्हती म्हणून केली नाही, की करता आली नाही? दोन्ही अर्थ तितकेच बसतात. वाचणाऱ्याने आपल्या स्वभावाप्रमाणे एक निवडावा.

आमचा स्वभाव घाबरट आहे आणि त्याला कारण आहे. याच ओळीने एप्रिलमध्ये आम्हाला फसवलं होतं. मार्चची ३बी भरायची २० एप्रिलपर्यंत, पण ती मोजली जाते सरलेल्या आर्थिक वर्षात. सॉफ्टवेअरने १ एप्रिलला नव्या वर्षाची वही उघडली आणि १८ तारखेला मार्चची रिटर्नं त्या कोऱ्या वहीत शोधली. एकही ओळ नाही, म्हणजे एकही बाकी नाही! शून्य बघून आम्ही निश्चिंत झालो. दोन क्लायंटची ३बी राहिलेली होती, ते कळलं २३ तारखेला. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे प्रत्येकी १५० रुपये लेट फी. एकाला ८४,००० रुपये रोखीने भरायचे होते, त्यावर १८ टक्क्यांनी तीन दिवसांचं व्याज १२४ रुपये. आकडे मोठे नाहीत, पण त्या क्लायंटला फोन तुम्ही करून बघा एकदा.

म्हणून ऑगस्टच्या रिटर्नांच्या वेळी तोच शून्य आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या ताई घरून पोर्टल उघडून बसल्या. एकेक जीएसटीआयएन टाकायचा, कॅप्चा भरायचा, फायलिंग टेबल उघडायचं, ऑगस्टसमोर `Filed` आहे का बघायचं. असं ३१ वेळा. सगळी भरलेली होती! त्यांनीच १६ तारखेपर्यंत भरली होती, एआरएनसकट. आपण वेळेत केलेलं काम खरंच झालंय का, हे त्या बाईने रात्री साडेअकरापर्यंत तपासलं.

तिमाहीवाल्यांचा उल्लेख मुळीच करू नये. त्यांची ऑगस्टची ३बी नसतेच, पण शोधू दे की लोकांना.

काहीच बाकी नसेल तर काहीच पाठवू नये, असाही एक पंथ आहे. थोर विचार. मग संदेश आला नाही म्हणजे सगळं भरलंय, की सर्व्हर बंद पडलाय, ते कळायचा प्रश्नच मिटला. २१ तारखेला कळेल.

बास झालं. अहो, एवढं काय अवघड आहे? किती तपासली आणि त्यातली किती भरलेली निघाली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा ना! हे घ्या, मीच लिहून देतो:

‘ऑगस्ट महिन्याची ३बी: ४३ क्लायंटपैकी ३१ मासिक, ३१ही भरलेली. १२ तिमाहीवाले, त्यांना या महिन्यात लागू नाही. तपासणी १८ सप्टेंबर, सकाळी ९. आठवण कुणालाही पाठवली नाही, तुम्हाला काही करायचं नाही.’

यात महिना आहे, म्हणून चुकीची वही उघडली तर दिसेल. ४३ हा आकडा आहे, म्हणून यादी रिकामी आली तर ‘०पैकी ०’ असं छापून येईल आणि शेंबडं पोरही विचारेल की हे काय. आणि ०पैकी ० आलं तर त्याला ‘सगळं भरलंय’ म्हणू नका. ‘तपासणी झाली नाही, हाताने बघा’ असं स्पष्ट सांगा, लाज कसली त्यात?

हे मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘सर, एरर तर आलेला नाही ना?’ नाही आला. तुमच्या बाजूला नाहीच येणार. ३१ कॅप्चा आमच्या ताईंनी भरलेत, तुम्ही नाही.