पिशवीचा कोन

माझ्या गोळाफेकीच्या वहीतील तेरावे सत्र आज सकाळी मी लाल शाईने खोडले, आणि त्याला कारण ठरली मेथीची एक जुडी व दोन किलो कांदे असलेली एक कापडी पिशवी.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सोलापूरच्या उन्हाआधी मैदान गाठून सहा किलोचा गोळा फेकणाऱ्या माणसाने हिशेबही ठेवावा, हे घरच्यांना पटत नाही. तरीही सहा आठवड्यांच्या या टप्प्यात मी आठवड्याला तीन सत्रे आणि प्रत्येक सत्रात बारा फेकी, असा नेम पाळतो. सर्वांत लांबची फेक मी मिरवतो, पण मोजत नाही, कारण ती बहुधा नशिबाची असते. बारा फेकी लांबीनुसार लावून मधली लांबी आणि मधल्या सहा फेकींमधील अंतर, एवढेच वहीत उतरते. पहिल्या आठवड्यात मधली लांबी ९.५२ मीटर आणि फैलाव ६२ सेंटिमीटर होता. चौथ्या आठवड्याच्या शेवटी हेच आकडे ९.७० आणि ३५ झाले. लांबी वाढत असताना फैलाव आटावा, यालाच मी प्रगती मानतो.

गोळा सुटण्याचा कोन मात्र तेहतीस अंशांवर अडून बसला होता. तो मोजण्यासाठी वर्तुळाच्या बाजूला, फेकीच्या दिशेशी काटकोनात, ट्रायपॉडवर मोबाईल लावून सेकंदाला २४० चित्रे घेतो आणि गोळा हातातून सुटल्यानंतरच्या दोन चित्रांत तो किती पुढे व किती वर गेला, यावरून कोन काढतो.

तेराव्या सत्रात कोन एकदम अडतीस झाला. घरी पेढे आले.

आता मैदानावरच्या एका सरांविषयी. ते निवृत्त विज्ञान शिक्षक असून रोज फेरफटका आणि भाजी उरकून मैदानावर येतात व वर्तुळामागे उभे राहून, निकाल वाचून दाखवावा अशा आवाजात सांगतात, "पंचेचाळीस!" मी एकदा आदराने म्हणालो, "सर, पंचेचाळीस अंशांवर फेक सर्वांत दूर जाते हा नियम वस्तू जिथून सुटते त्याच पातळीवर पडली तर लागू. माझा गोळा जमिनीपासून १.९ मीटरवरून सुटतो." त्यांनी विचारले, "मग तुम्ही खड्ड्यात उभे राहून का फेकत नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

वास्तविक सेकंदाला नऊ मीटर वेग धरला, तर एवढ्या उंचीवरून सर्वांत दूर नेणारा कोन चाळीसच्या किंचित आत येतो. त्यातही हात जितका वर ढकलावा तितका वेग घटतो, कारण आपली ताकद समोर रेटताना अधिक असते. म्हणून पट्टीचे फेकपटूदेखील तिशीच्या मधल्या घरातच राहतात. तेहतीसवरून अडतीसला गेल्यास, वेग तोच राहिला तर, जेमतेम सतरा सेंटिमीटर मिळतात. वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरने वाढला तरी साधारण तेवढेच मिळते. मी हे सरांना सांगितले. ते म्हणाले, "पुस्तकात पंचेचाळीस आहे."

पेढे संपल्यावर शंका आली. कोन पाच अंशांनी वाढला, पण मधली लांबी ९.७१, म्हणजे एकच सेंटिमीटर जास्त. वेग घटला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. परंतु हाताची सवय बदलताना काही फेकी जुन्या, काही नव्या, काही भलत्याच पडतात आणि फैलाव वाढतो. इथे फैलाव पूर्वीइतकाच होता आणि बाराच्या बारा कोन एकाच मापाने चढले होते. माणूस असा सुधारत नाही. असे बिघडते ते यंत्र.

काल रात्री चित्रफीत पुन्हा पाहिली. मैदानाच्या कडेचा विजेचा खांब, मिरवणुकीत तोल जाणाऱ्या नंदीध्वजासारखा, माझ्या बाजूला पाच अंश कलला होता आणि चौकटीच्या कोपऱ्यात मेथीची पाने डोकावत होती. सरांनी पिशवी ट्रायपॉडच्या दांडीला अडकवली होती. खांबाचा कल वजा केल्यावर माझे तेहतीस अंश जसेच्या तसे परत मिळाले.

आज सकाळी मी त्यांना ती चित्रफीत दाखवली. पिशवी ठेवायला अख्खे मैदान मोकळे असताना माझेच उपकरण का, असे विचारताना आवाज चढला, हे कबूल करतो. चार आठवड्यांच्या आलेखाला ऐन वेळी भाजीने कुबड आणले होते. त्यांनी शांतपणे खांब न्याहाळला, कांदे दुसऱ्या हातात घेतले आणि म्हणाले, "म्हणजे पिशवी होती तेव्हाच तुमचा कोन पंचेचाळीसच्या जवळ जात होता."

मी प्रत्येक सत्राआधी ओळंबा धरून खांब तपासू लागणार आहे, आणि वहीत एक नवा रकाना आखला आहे: पिशवी, होय किंवा नाही.