टाइमस्टॅम्प आणि कट लिस्ट: आमचं उत्तर

“मुलाखतीतले हवे ते सगळे टाइमस्टॅम्प व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तरी ‘कट लिस्ट पाठवा’ म्हणून काम दोन दिवस अडवून ठेवलं. वेळा दिल्यावर अजून काय हवं असतं? दोन स्टार.”

नमस्कार. उशीर झाला आणि तुम्ही वैतागलात, हे समजतं. पण कट लिस्ट म्हणजे कोणत्या फाइलमधला, कुठून कुठपर्यंतचा तुकडा कोणत्या क्रमाने घ्यायचा याची यादी. तुमच्या वेळा फोनवरच्या रेकॉर्डरच्या होत्या आणि आम्हाला कापायच्या होत्या कॅमेऱ्याच्या फाइल्स. ही दोन घड्याळं वेगळी.

तुमचंच उदाहरण घेऊ. सुरुवातीला वाजवलेली टाळी रेकॉर्डरवर 00:01:12 ला ऐकू येते, कॅमेऱ्यात 00:00:20 ला. म्हणजे तुमच्या प्रत्येक वेळेतून 52 सेकंद वजा करायचे. तुमचं 24:05 झालं 23:13. पण कॅमेऱ्याने 4 जीबी भरल्यावर फाइल तोडली आहे आणि पहिली फाइल 17:40 ला संपते. म्हणून ते वाक्य दुसऱ्या फाइलमध्ये 05:33 वर सापडतं. हे न करता थेट 24:05 वर गेलो, तर तिथे फाइलच नाही!

दुसरं म्हणजे तुम्ही फक्त सुरुवात लिहिली होती. वाक्य कुठे थांबवायचं, हा निर्णय तुमचा. आम्ही अंदाजाने कापलं तर बोलणाऱ्याचा अर्थ बदलू शकतो. म्हणून कट लिस्टच्या प्रत्येक ओळीत पहिले आणि शेवटचे दोन-तीन शब्द हवेत. वेळ दोन-चार सेकंद चुकली, तरी शब्दांवरून जागा पक्की होते. खरं तर आमचा भरवसा वेळेपेक्षा शब्दांवरच जास्त.

ओळ अशी असते:

```
30 | MVI_0413.MOV | 00:05:33 – 00:05:58 | "त्या वर्षी पाऊस … परत गेलो"
```

वेळ फाइलच्या सुरुवातीपासून मोजायची. काही कॅमेरे दिवसाची वेळ टाइमकोड म्हणून नोंदवतात आणि एडिटरच्या स्क्रीनवर 10:42 असं काहीतरी दिसतं. तेव्हा कोणती वेळ लिहिली आहे ते यादीच्या माथ्यावर सांगा. फ्रेमपर्यंत जायची गरज नाही, तेवढं आम्ही बघतो.

क्रमांक रेकॉर्डिंगच्या क्रमाने नव्हे, तयार व्हिडिओत जसं दिसायला हवं त्या क्रमाने. 10, 20, 30 असे द्या, म्हणजे मध्ये तुकडा घालायचा झाला तर 25 बसतो. एकदा पाठवलेले क्रमांक मात्र बदलू नका. ‘सातवा काढा’ असा निरोप आला आणि दोघांकडे सातवा वेगवेगळा असला, की चुकीचा तुकडा उडालाच.

रेकॉर्डिंग लांबलं असेल तर शेवटीही एक टाळी वाजवा. तिथे फरक 52 ऐवजी 53 निघाला, तर दोन यंत्रांचा वेग जुळत नाही आणि मधल्या वेळाही थोड्या सरकलेल्या आहेत.

पुढच्या वेळी गणित जमत नसेल, तर रेकॉर्डरची फाइल आणि वाक्यांचे शब्द पाठवा. यादी आम्ही करून देऊ. मात्र त्याचे पैसे वेगळे लागतील, ते आधी सांगू.