तीन ब्रँच, एक अनोळखी रेझिस्टर: एका प्रतिक्रियेला उत्तर

"सर, विषय करंट डिव्हायडरचा आणि तुम्ही आधी व्होल्टेज काढून ओहमच्या नियमाने उत्तर दिलंत. ही पळवाट वाटते. तीन समांतर ब्रँच, एकूण करंट ६० मिलिअँपिअर, पहिल्या ब्रँचमध्ये ३०, R1 २२० ओहम, R2 ३३० ओहम; उरलेले दोन करंट आणि R3 काढायचे. मी सरळ I1 = I × (R2 + R3)/(R1 + R2 + R3) हे सूत्र लावायला गेलो, पण R3 दिलेलाच नाही. मग गणित अपुरं नाही का?"

डिव्हायडरच्या विषयात डिव्हायडरचं सूत्र दिसायला हवं होतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. ते खाली देतो. पण आधी तुम्ही लावलेल्या सूत्राबद्दल, कारण सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांच्या वह्यांत दर वर्षी मला हेच सूत्र दिसतं.

दोन ब्रँच असताना "समोरचा रेझिस्टर भागिले बेरीज" बरोबर आहे. तिसरी ब्रँच आली की मुलं समोरच्या दोघांची बेरीज वर लिहितात. ते दोघं तर समांतर आहेत, सिरीजमध्ये नाहीत. चूक पकडायची तर R3 ६६० ओहम धरा आणि तुमच्या सूत्राने तिन्ही करंट काढा: ४९.१, ४३.६ आणि २७.३. बेरीज १२० येते, म्हणजे आलेल्या करंटच्या दुप्पट. किर्चहॉफचा पहिला नियम इथेच मोडला. आणि हे फक्त याच आकड्यांचं नाही. तिन्ही अपूर्णांकांच्या वरच्या भागात प्रत्येक रेझिस्टर दोनदा येतो, म्हणून तीन ब्रँचला बेरीज नेहमी दुप्पटच येणार.

तीनच काय, कितीही ब्रँचला चालणारं रूप असं आहे:

I1 = I × Req / R1

इथे Req म्हणजे सगळ्या ब्रँच मिळूनचा समांतर रोध. R3 माहीत नाही म्हणून Req माहीत नाही, इथे तुम्ही थांबलात. पण I1 तर हातात आहे, म्हणून सूत्र उलटं वाचा: ३० = ६० × Req / २२०, म्हणून Req ११० ओहम. R3 ला हातही न लावता Req मिळाला. आता दुसरी ब्रँच: ६० × ११० / ३३० = २० मिलिअँपिअर. तिसरीत उरले १०. पहिल्या ब्रँचवरचं व्होल्टेज ६.६, ते तिन्हींवर सारखंच, म्हणून R3 = ६६० ओहम. माझी व्होल्टेजची वाट आणि ही वाट एकच आहे, कारण I × Req म्हणजेच ते ६.६ व्होल्ट.

गणित अपुरं कधी होईल? I1 दिलाच नाही आणि फक्त एकूण ६० दिला, तर. तेव्हा पहिल्या दोन ब्रँचमधलं ३:२ हे प्रमाण तेवढं कळतं, करंट नाही. कुठल्याही एका ब्रँचचा करंट किंवा व्होल्टेज मिळालं की कुलूप उघडतं. समजा I3 = १० दिला, तर उरलेले ५० पहिल्या दोघांत वाटायला तुमचं दोन ब्रँचचं सूत्र अगदी बरोबर चालतं: ५० × ३३० / ५५० = ३०.

आता ज्या गोष्टीमुळे मी व्होल्टेजवर भर देतो, ती सांगतो. मागे एका बॅचला ब्रेडबोर्डवर हीच जोडणी दिली होती. तिसऱ्या रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांवर चिकटपट्टी लावली होती, आत होता ६८० ओहम. एका गटाने I1 ३० वर आणला, एकूण करंट वाचला ५८.५. रंगांवरून २२० आणि ३३० धरले, तर व्होल्टेज ६.६, I2 २०, I3 ८.५ आणि R3 आला ७७६. मुलं म्हणाली, मीटर बिघडलाय.

मीटर ठीक होता. लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा R1 बाहेर काढून मोजला, तर २११ भरला. सोनेरी पट्टीला ५ टक्के सूट असते, त्यात तो बसतो. (जोडणीत ठेवून मोजला असता तर मीटरने तिघांचा मिळून १०८ दाखवला असता.) २११ घेतल्यावर व्होल्टेज ६.३३, I2 १९.२, I3 ९.३ आणि R3 जवळपास ६८०.

R1 मधल्या चार टक्क्यांच्या चुकीने I2 चारच टक्के हलला, R3 मात्र चौदा टक्के. कारण I3 आपण वजाबाकीने काढतो: मोठ्या आकड्यांतली सगळी चूक उरलेल्या लहान आकड्यावर येऊन पडते, आणि R3 काढताना चुकलेलं व्होल्टेज त्याच चुकलेल्या I3 ने भागलं जातं. तिसऱ्या ब्रँचचा करंट एकूणाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असेल, तर या पद्धतीने काढलेल्या R3 वर मी विसंबणार नाही.

तुम्ही प्रयोग करणार असाल तर रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज थेट मोजा. ब्रँच तोडून मीटर मध्ये घालावा लागत नाही, आणि R1 वरच्या रंगांवर विश्वास ठेवण्याची गरजही उरत नाही.